भरतीच्या वेळचं पाणी

मुर्ध्याच्या खाडीचं पाणी सुधारलंय, ही बातमी मीच दिली होती. शहराच्या पानावर, वरच्या अर्ध्यात, नावासकट. ती वाचून माझ्या काकीने बंद केलेला धंदा पुन्हा सुरू केला, आणि महिन्याभराने तिची नात काविळीने इस्पितळात पडली. एवढं सरळ मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

काकी म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको. आमच्या मिठागराला लागूनच त्यांचं शेत होतं. मिठागर गेलं, शेत गेलं, पण काकीने चिखल सोडला नाही. ओहोटीला खाडीत उतरायचं, शिंपल्या वेचायच्या आणि बाजारात वाटे लावून बसायचं. खाडीला वास यायला लागला तेव्हा मात्र तिनेच हे थांबवलं. "मी घरात खाईत न्हाय ते लोकांना कसा इकू?" म्हणाली, आणि इंद्रलोक वसाहतीत दोन घरची धुणीभांडी धरली. भेटली की मला टोमणा ठरलेला. "काय रे बाला, तुज्या पेपरात आमचे खाडीचा काय येतं का न्हाय? का नुसती पुडाऱ्यांची थोबाडं?"

म्हणून मी सरांकडे गेलो.

सर पर्यावरणशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आकडे वाचायला मला त्यांनीच शिकवलं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासळीचा जीव गुदमरायला लागतो. मैलापाण्याचे जंतू वेगळे मोजायचे, कारण मासा पोहतोय म्हणजे पाणी माणसाला निर्धोक आहे असं नव्हे. वीस वर्षं माझ्या प्रत्येक बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात 'तज्ज्ञांच्या मते' म्हणून सरच असायचे. माझ्या लग्नात वडिलांच्या शेजारी बसले होते.

त्यांच्या ओळखीच्या प्रयोगशाळेने नमुने घेतले. आकडे चांगले निघाले. ऑक्सिजन चारच्या वर, जंतूही आंघोळीच्या पाण्याच्या मर्यादेत. सर म्हणाले, "लिही. मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र सुरू झालंय, त्याचा हा परिणाम. घाबरायचं कारण नाही." मी लिहिलं. तिसऱ्या परिच्छेदात हेही लिहिलं, की नमुने होळीच्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास घेतले.

काकीने बातमी नातीकडून दोनदा वाचून घेतली. मला फोन केला. "खरा हाय ना?"

"खरं आहे काकी. तपासलंय."

"मंग मी कामं सोडतंय बग."

नात नऊ वर्षांची. शिंपल्या आमच्याकडे फार शिजवत नाहीत. टोपात घालायच्या, वाफेने तोंडं उघडली की उतरवायच्या, नाहीतर चिवट होतात. पोर टोपाशेजारी बसून गरमागरम शिंपल्या उघडून खायची.

इस्पितळात मी तिच्या पायथ्याशी बसलो होतो. डोळे हळदीसारखे, अन्न समोर आणलं तरी तोंड फिरवत होती. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काय खाल्लं, पाणी कुठलं पिता. काकीने शिंपल्यांचं सांगितलं आणि लगेच म्हणाली, "पन ते पानी चांगला हाय. आमचे पोराने पेपरात लिवलंय." माझ्याकडे बोट केलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

पोर कधीपासून मलूल होती, हे काकी आठवत होती. "होलीला तर चांगली नाचत होती रे," ती म्हणाली, आणि मी मनात तिथी मोजली.

होळी म्हणजे पौर्णिमा. पौर्णिमेला दुपारी बारा-साडेबाराला आमच्या खाडीत उधाणाची भरती असते. मिठागरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाबा तिथी बघून उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडायचे, मी फळी धरायचो. भरतीला समुद्राचं ताजं पाणी आत शिरतं आणि गटाराचं पाणी त्यात विरून जातं. तेव्हा बाटली बुडवली तर समुद्र मोजला जातो, खाडी नाही. खाडी ओहोटीला मोजायची. शिंपल्या तर बारा महिने त्याच चिखलात बसून पाणी गाळतात. पाण्यातला मैला त्यांच्या पोटात साठत राहतो. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि नमुन्यांची वेळ मीच तिसऱ्या परिच्छेदात छापली होती. दुसऱ्या कुणी ती वाचून सोडली असती तर चाललं असतं.

पण सरांना? त्यांनाही ठाऊक होतंच. मी तसाच त्यांच्या घरी गेलो.

"सर, नमुने भरतीला घेतले."

"हो." चष्मा पुसत होते.

"मुद्दाम?"

"आकडा खोटा दिला का मी तुला? जे पाणी होतं ते मोजलं."

"ओहोटीला का नाही मोजलं?"

"तू विचारलं होतंस?" मग मऊ आवाजात, "अरे, त्या केंद्राच्या सल्लागार समितीवर आहे मी. पहिल्याच वर्षी बोंब झाली असती तर पुढचा टप्पा अडला असता. भलं खाडीचंच होतं. तुझी बातमी कामाला आली."

तुझी बातमी कामाला आली. मला वाटायचं मी त्यांचा शिष्य. मी त्यांची बाटली होतो, योग्य वेळी बुडवलेली. काकीच्या नातीचं सांगितलं तर म्हणाले, "फार वाईट झालं. पण शिंपल्यांमुळेच, असं शास्त्राने सिद्ध करता येणार नाही हं." चहा आला होता. तो तसाच ठेवून निघालो.

पुढच्या अमावास्येला संध्याकाळी, पाणी पार उतरल्यावर, दुसऱ्या प्रयोगशाळेच्या बाईंना घेऊन गेलो. त्यांनी त्याच जागेवरून नमुने घेतले. ऑक्सिजन चारच्या बराच खाली. शंभर मिलिलिटर पाण्यात मैल्याचे जंतू शंभरच्या आत हवेत, ते कितीतरी पटींनी जास्त. "हे जंतू म्हणजे काविळीचा विषाणू नव्हे," बाईंनी बजावलं. "पाण्यात मैला आहे, एवढंच ते सांगतात. मैला आहे तिथे विषाणू असू शकतो. तुमच्या मुलीला कावीळ इथूनच झाली, हे मी म्हणणार नाही. पण तोंड उघडेपर्यंतची वाफ विषाणू मारायला पुरत नाही, हे नक्की लिहा."

सरांनी जे वाक्य सुटायला वापरलं, तेच या बाईंनी सावध करायला वापरलं. मी दोन्ही नमुन्यांच्या वेळा, दोन्ही आकडे आणि माझी चूक, सगळं लिहिलं. सरांचं नाव आणि त्यांचं समितीवर असणंही लिहिलं. त्यांनी पुन्हा कधी फोन केला नाही.

छापायच्या आधी काकीकडे गेलो. पोर घरी आली होती, भिंतीला टेकून मऊ भात खात होती. मी सगळं सांगितलं, सरांचंही. वाटलं होतं, सरांना शिव्या देईल आणि मला त्या आडोशाला उभं राहता येईल.

"त्यो मास्तर मना ठाव न्हाय," काकी म्हणाली. "मी त्याला फोन केल्ता का? तुला केल्ता. तू म्हनलास, तपासलंय."

काकीने भाताचं टोप पुढे ओढलं.

"आता छाप. समद्यांना कलू दे, खाऊ नका म्हून. ज्यांना इकल्या त्यांच्या घरी बी पोरा हायेत." तिने पोरीच्या ताटात भात वाढला. "माजी इंद्रलोकची कामं दुसरीने धरली. ते जाऊ दे. पन आजपासनं तू काय बी सांगितलास ना, तर मी आनखी कोनाला तरी इचारीन."