सुनेचं माहेरचं नाव

आमच्या भावकीत अजून बोललं जातं की सुनेने नोकरीसाठी सासरचं नाव टाकून दिलं. खोटं आहे. ते नाव मी ठेवलं होतं आणि काढायलाही मीच लावलं.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात, ते मी मुलाला सांगितलेलं. तिला विचारलं नव्हतं. पुढे ग्रामपंचायतीचा दाखला आणून आधार कार्डावरही मीच ते चढवलं.

जवळच्या पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोदामात तिला मालाचा हिशोब ठेवायची नोकरी लागली. ऑफर ईमेलने आली, पदवीवरच्या माहेरच्या नावाने. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. दुपारी ती मोबाईल घेऊन ओटीवर नुसती बसलेली.

"काय लिवलंस, वाच बघू."

तिने मराठीत सांगितलं. ऑफर मान्य आहे, आभार. एक तारखेला रुजू होते. येताना कोणती कागदपत्रं आणू? आधारवर नाव वेगळं आहे, त्यासाठी काय द्यावं लागेल?

"मग पाठव की."

"खाली नाव कुठलं घालू, बाबा?"

माझे थोरले भाऊ समोर चहा पीत होते. "घरचं घाल," ते म्हणाले. "आपल्या जागेवर गोदामं उभी, न् आपली सून तिथं चाकरीला. वर बापाघरचं नाव. लोक काय म्हनतील?"

"लोक पगार देनार हाईत का, दादा?"

"तूच ठेवलंस ना ते नाव?"

"ठेवलं. तांदळात लिवलं होतं. ते तांदूळ कधीच शिजवून खाल्ले आपण."

तिने तोंडाला पदर लावला. हसली की काय, मला कळलं नाही. दादांनी कप खाली ठेवला.

"बाय, ऑफरवर जे नाव हाय तेच घाल," मी म्हणालो. "कोणी विचारलं तर सासऱ्याने सांगितलं म्हण."

तिने माझ्यासमोर ईमेल पाठवला. दादा चपला घालून निघून गेले आणि त्या दिवाळीला आमच्याकडे आले नाहीत. मीही बोलवायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. गुणपत्रिका, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक आणि फोटो आणा. दोन नावांसाठी विवाह दाखला आणि प्रतिज्ञापत्र तूर्त चालेल, पण पीएफ आधारला जोडलेला असतो, तेव्हा आधारवरचं नाव लवकर एक करून घ्या.

विवाह दाखला मी कपाटातून काढला. त्यावर तिचं माहेरचंच नाव होतं आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही. सही करताना मी ते वाचलं असणारच.

एक तारखेला ती कामावर गेली. तिच्या पहिल्या सुट्टीला आधार केंद्राच्या रांगेत तिच्यासोबत मी उभा राहिलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "काका, नाव उलटं कशाला बदलताय?"

"सुलटं करतोय," मी म्हणालो.

आता घरात मी तिला तिच्याच नावाने हाक मारतो. भावकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.