खिडकीमामाने घेतलेली मुलाखत

माझ्या दादाला बोलता येत नाही असं मी म्हटलं तर त्याच्या इस्पितळातले लोक मलाच वेड्यात काढतील. दिवसभर तो बोलतच असतो. नव्या रुग्णांचे केसपेपर निघतात त्या खिडकीवर तो बसतो आणि काचेच्या अर्धगोल भोकातून त्याचा आवाज बाहेर येतो. नाव? वय? त्रास काय? किती दिवसांपासून? पुढचे या. रांगेतली लहान मुलं त्याला खिडकीमामा म्हणतात, आणि ते नाव आता मोठ्यांच्याही तोंडी बसलंय.

पण घरी या माणसाशी दोन वाक्यांपुढे गप्पा मारून दाखवा, मी तुमची गुलाम. वहिनी गेल्यापासून आम्ही दोघं भावंडंच एका घरात राहतो. मी दमून येते, चप्पल काढते. तो विचारतो, "उशीर झाला?" मी म्हणते, "हो." संपलं. का झाला, कुठे अडकलीस, जेवलीस का, काही नाही. भिंतीशी बोललेलं परवडलं.

तर असा हा माणूस या वर्षी बारावीला बसला, आणि तोही माझ्याच वर्गात. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग चालतात, तिथे मी भाषा शिकवते. हौस म्हणून नव्हता बसला तो. इस्पितळात खिडकीऐवजी यंत्र येणार होतं. लोक स्वतःच पडद्यावर बोट लावून नाव घालणार. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, बारावी झालेल्यांना जुनी कागदपत्रं सांभाळायच्या विभागात घेऊ, बाकीच्यांनी आपलं बघावं. दादाची बारावी तरुणपणीच हुकली होती. या वयात दुसरीकडे त्याला कोण उभं करणार?

बाकीचे विषय त्याने रेटले. घोडं अडलं ते माझ्या विषयाच्या प्रकल्पावर. प्रकल्प एवढाच: नेमलेल्या पाठाच्या लेखकाची काल्पनिक मुलाखत लिहायची. दोन-तीन पानांची संहिता. सुरुवातीला लेखकाची ओळख, मग पाठ कसा घडला याबद्दल प्रश्न आणि लेखकाची उत्तरं, शेवटी समारोप. तोंडी परीक्षेत बाहेरचे सर ती वाचून त्यावर प्रश्न विचारतात. त्यात पास झाल्याशिवाय लेखी परीक्षेचं प्रवेशपत्र मिळत नाही. भाऊ असल्यामुळे त्याला गुण द्यायचा अधिकार मला नव्हताच, आणि बरंच होतं ते.

पाठ होता एका लेखकाने आपल्या नावाडी वडिलांवर लिहिलेला. नदी, वल्ह्यांचा आवाज, वडील पाण्याचा रंग बघून खोली कशी ओळखायचे, हे सगळं त्यात आहे. आणि शेवटी एकदम नाव काठाला बांधलेली दिसते, तिथेच पाठ थांबतो. वडील गेले असं कुठेही लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्याला कळतं.

दादाने पहिला खर्डा आणून माझ्या पुढ्यात ठेवला. मी वाचला आणि कपाळाला हात लावला.

"प्रश्न: आपलं पूर्ण नाव? प्रश्न: वय? प्रश्न: लिहिण्याचा त्रास कधीपासून?"

"दादा, ही मुलाखत आहे की केसपेपर?"

"तूच म्हणालीस ना, आधी ओळख हवी."

"ओळख म्हणजे वजन-उंची नव्हे रे."

त्याला माझी चेष्टा मुळीच लागली नाही. कागद घडी करून त्याने खिशात घातला. दुसरा खर्डा आला तो गुळगुळीत. "आपल्याला लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली?" "मला लहानपणापासूनच वाचनाची आवड होती." बाजारातल्या गाईडमधून जसंच्या तसं उचललेलं. वर्गातल्या निम्म्या लोकांच्या वहीत हाच लेखक हीच आवड घेऊन बसला होता. मी लाल रेघ मारली. तिसऱ्या खर्ड्यात लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार असं सगळं होतं, आणि ज्या पाठासाठी हा खटाटोप, त्याचं नावही नव्हतं.

माझा संयम तिथे संपला. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहूनच मी त्याला झापलं. "पाठ कसा घडला ते विचार. तो वल्ह्यांच्या आवाजानेच का सुरू केला? काय लिहिलं आणि काय खोडलं? शीर्षक आधी सुचलं की नंतर? आणि लेखकाने काही सांगितलं की त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढ. तुझं म्हणजे एक प्रश्न झाला की पुढचा माणूस. अरे, समोरचा काहीतरी बोललाय ना?"

"पुढचा प्रश्न आम्ही विचारत नाही," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"खिडकीवर. बाई सांगते, जिन्यावरून पडले. मला दिसतं की जिन्यावरून पडल्याचं हे नाही. पण मागे रांग असते. आपण लिहायचं, पडणे, आणि पुढचे या. खोदून विचारत बसलो तर दुपारपर्यंत दहा माणसंही आत जायची नाहीत. विचारायचं ते आत डॉक्टर विचारतात."

"इथे रांग नाही. इथे तू आणि लेखक, दोघंच आहात. हवं तेवढं विचार."

"आणि उत्तर मी कुठून आणू? त्या माणसाला मी ओळखत नाही. त्याच्या तोंडी काहीही कसं घालू?"

आता मात्र मला रडू यायचं बाकी राहिलं. "काल्पनिक, दादा, काल्पनिक. पण वाटेल ते नाही. पाठात जे आहे त्याला धरून. पाठ पुन्हा वाच. लिहिताना तो कुठे अडखळला असेल, ते शोध. तिथे विचार."

पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून मी भाकऱ्या थापायला लागले. पण पुढचे काही दिवस त्याने तो पाठ सोडला नाही. डब्यासोबत पुस्तक न्यायला लागला. एकदा भाजी निवडताना मध्येच म्हणाला, "यात बाप एकदाच खोकलाय."

"कोण?"

"नावाडी. तिसऱ्या पानावर. मग पुन्हा कुणी खोकल्याचं नावच काढत नाही. असा एकदाच येत नाही खोकला."

इतकी वर्षं मी तो पाठ शिकवतेय, तो खोकला माझ्या ध्यानात राहिला नव्हता. पण खोकल्यावरून गुण मिळणार होते थोडेच. मी हूं म्हटलं आणि शेंगा सोलत राहिले.

चौथा खर्डा आला तो निराळाच. अक्षर तेच खिडकीवरचं, घाईचं. पण प्रश्नातून प्रश्न निघत होता. वल्ह्यांचा आवाज आधी की बापाचा चेहरा आधी? लेखक म्हणतो, आवाज, चेहरा आठवायला भीती वाटत होती. भीती कसली? मग खोकल्याचं. लेखक सांगतो, पहिल्या खर्ड्यात खोकल्याची चार पानं होती, ती काढली, कारण त्यात वडिलांपेक्षा आजारच मोठा व्हायला लागला. खरं सांगते, माझा ऊर भरून आला. आणि शेवटच्या प्रश्नाशी येऊन पुन्हा डोकं भडकलं.

"प्रश्न: वडील गेले तो दिवस तुम्ही का लिहिला नाही? उत्तर: तो मला लिहिता येत नाही. मी नावेपर्यंत आलो आणि थांबलो."

"हे काय उत्तर झालं?" मी म्हटलं. "लिहिता येत नाही असं लेखक सांगेल का? सूचकता म्हण. वाचकाच्या कल्पनेला वाव दिला म्हण. परीक्षकांना हेच हवं असतं. आणि खाली समारोप कुठाय?"

"आभार मानलेत की."

"दादा, ते उत्तर बदल."

"नाही."

"नोकरीचा प्रश्न आहे, दादा. तुझ्या."

"ठाऊक आहे."

मी समजावलं, ओरडले, दोन दिवस अबोला धरला. अबोल्याचा काय उपयोग, त्याला तो कळलाच नाही.

तोंडी परीक्षा आमच्याच वर्गात होती. बाकांची रांग भिंतीला सरकवलेली, मध्ये टेबल. बाहेरचे सर वयस्कर, चष्म्याच्या वरून बघणारे. हजेरीपट घेऊन मी कोपऱ्यात बसले होते. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

सरांनी संहिता सावकाश वाचली. एकदा मान हलवली. मग शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे उत्तर. पाठात याला आधार नाही. लेखकाने मुद्दाम सूचक शेवट केलाय. तुम्ही त्याला हतबल केलंत. कशावरून?"

झालं. बारा वाजले, मी मनात म्हटलं. दादा नेहमीसारखा गप्प बसेल आणि सर नापासाचा शेरा मारतील.

दादा खुर्चीत मागे सरकून नीट बसला. मग म्हणाला, "सर, माझी बायको गेली. कुणी विचारलं कशाने, तर मी सांगतो, ताप आला होता. खोटं नाही ते. ताप होताच."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तिचा केसपेपर मीच काढला होता. माझ्याच खिडकीवर. ती बाहेर उभी होती, काचेला हात लावून. मी विचारलं, किती दिवसांपासून? ती म्हणाली, कालपासून. ते खोटं होतं, मला कळत होतं. आठवडाभर ती अंगावर काढत होती. पण मागे रांग होती. मी कालपासून लिहिलं आणि तिला आत पाठवलं. डॉक्टरांनी त्याप्रमाणेच बघितलं. त्यापुढचं मला सांगता येत नाही. म्हणून वाटलं, हाही माणूस नावेशी येऊन थांबला असेल. पाठात एवढंच दिसतं मला."

सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. कागदावर काही लिहिलं आणि म्हणाले, "या तुम्ही." दादा उठला, नमस्कार केला, बाहेर गेला. सरांनी कागद माझ्यापुढे धरला. पास होता. चांगले गुण होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मला नुसता राग येत होता.

बाहेर तो जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. मी जाऊन सरळ विचारलं, "इतकी वर्षं एका घरात राहतो आपण. मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू विचारलंस ना तेव्हा," तो म्हणाला. "कशाने गेली म्हणून. मी म्हटलं, तापाने."

"मग?"

"मग तू काही विचारलंच नाहीस."

वर्गातून सरांनी पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं. हजेरीपट माझ्या हातात होता, मला आत जायला हवं होतं. मी तिथेच दादाजवळ जिन्याच्या पायरीवर बसले.

"काचेला हात लावून ती आणखी काय म्हणाली होती?" मी विचारलं.