पुढच्या रांगेतला कान

नव्वदच्या दशकात नगरच्या एमआयडीसीत जेवढे कापडी बॅनर लागत, त्यातले निम्मे माझ्या हातचे असत. भिंगारला माझं दुकान होतं, म्हणजे पत्र्याची एक खोली आणि तिची लांब मागची भिंत. त्या भिंतीवर मांजरपाटाचं कापड ताणून मी रंगवायचो. अक्षरं माझी चांगली होती, चित्रंही बरी जमत. या बऱ्या चित्रांचा मला माज होता, हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

एका कारखान्याला पंचवीस वर्षं होत होती. सभागृहात मोठा कार्यक्रम, बाहेरगावचे विक्रेते येणार, कामगारांनाही कुटुंबासह बोलावलेलं. त्याच्या निमंत्रणाचा वीस फुटी बॅनर गेटवर लावायचा होता. तिथल्या साहेबांनी मला एका परदेशी मासिकातलं पान दाखवलं. भलंमोठं स्टेज, दोन्ही बाजूंना सिनेमाच्यासारखे उजळलेले पडदे, वरून उतरणारे प्रकाशझोत आणि पुढे पाठमोरी बसलेली माणसं. साहेब म्हणाले, असंच हवं, पण माणसं आपली वाटली पाहिजेत.

मी चौकटी आखून पहिला नमुना केला. स्टेज साधलं. पडदे उजळायचे तर पांढरा रंग ओतून भागत नाही, आजूबाजूचं सगळं गडद निळं करावं लागतं, मग किंचित निळसर पांढराही दिव्यासारखा पेटतो. झोत कोरड्या ब्रशनं ओढले, वर कडक, खाली येताना विरत गेलेले. प्रेक्षक मात्र मनानं काढले. साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, ही माणसं आहेत की कुंभाराकडचे माठ?

मला झोंबलं. पण खरंच माठ होते. एकाच मापाचे, एकाच अंतरावर मांडलेले.

आमच्या शेजारी एक पैलवान राहायचे. तरुणपणी जत्रांतले फड गाजवलेला माणूस, आता त्याच कारखान्यात लेथवर. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, आणि गल्लीत कुणाच्याही घरी पत्रा चढवायचा असो की आजाऱ्याला उचलायचं असो, हे हजर. संध्याकाळी मी त्यांना दुकानात बोलावलं, शटर ओढलं, खुर्चीवर बसवलं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडून हॅलोजन आणला होता, तो पांढऱ्या चादरीवर मारून त्यांच्या समोर पडद्यासारखा उजेड केला आणि मी मागे कागद घेऊन बसलो.

तेव्हा कळलं मी काय चुकत होतो. समोरून उजेड आला की पाठमोरं डोकं काळं पडतं, फक्त कडा पेटतात: केसांची, खांद्याची, गालाच्या उंचवट्याची. कानाची पाळी पातळ असते, तिच्यातून उजेड आरपार येतो आणि ती लालसर दिसते. पैलवानांचा उजवा कान तसा लाल होईना. कुस्तीत मोडून त्याचा गोळा झालेला. त्यातून उजेड जात नव्हता, नुसती वर एक जाड पिवळी रेघ उमटली होती. ती रेघ बघून मी हरखलो.

त्यांनी मान न वळवता विचारलं, "कशाचं चित्र हाय रं, पेंटर?"

मी म्हणालो, "असंच, सभेचं."

इथं मी खोटं बोललो. कारखान्यानं काही कामगारांना काढून टाकलं होतं आणि त्यांना परत घेईपर्यंत या कार्यक्रमाला कुणी पाऊल टाकायचं नाही, असं बाकीच्यांनी ठरवलं होतं. घरोघर जाऊन हे पटवून देणाऱ्यांत पैलवान पुढे होते. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. मी गप्प बसलो, कारण ते उठून गेले असते तर मला पुन्हा माठ काढावे लागले असते.

त्या एका माणसातून मी अख्खं सभागृह भरलं. कुणाची मान कलती केली, कुणाला टक्कल दिलं, कुणाला अंबाडा. डोकी लहानमोठी आणि एकमेकांत घुसलेली. सगळे कान बदलले. पुढच्या रांगेत उजवीकडच्या खुर्चीतला तेवढा बदलवेना. साऱ्या चित्रात तोच खरा दिसत होता. पाठमोऱ्या माणसाला कोण ओळखणार, असं मी स्वतःला सांगितलं.

सकाळच्या पाळीला बॅनर चढला आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत सगळ्या गेटनं कान ओळखला. तसा कान त्या कारखान्यात दुसरा नव्हता. पैलवानानं आधीच पुढची खुर्ची धरली, आम्हाला घरी बसा म्हणतो आणि स्वतः साहेबाच्या चित्रात बसतो, असं सुरू झालं. कुणी म्हणे, त्याला वरची जागा मिळणार. त्यांनी शपथेवर सांगितलं, मला यातलं काही माहीत नाही. पण चित्र तर डोळ्यांसमोर लटकत होतं.

संध्याकाळी मी सायकल हाणत साहेबांकडे गेलो. कान झाकेल एवढ्या टोपीपुरता रंग लावू द्या, अशी विनवणी केली. साहेब खूश होते. ते म्हणाले, तोच तर सगळ्यात जिवंत आहे, त्याला हात लावायचा नाही. मी मान डोलावली आणि बाहेर आलो. गेटवर कामगार घोळक्यानं उभे होते. तिथं थांबून एवढंच सांगायचं होतं, की हे मी केलं, त्यांना न सांगता केलं. मला साहेबांची पुढची कामं दिसत होती. मी सायकलवर टांग मारली. याची आजही लाज वाटते.

कार्यक्रमाला पैलवान गेले नाहीत. तरी कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर कुणी बसेना. कामावरून काढलेल्या पोरांपैकी एकानं त्यांच्या दारात येऊन नको ते सुनावलं. ते उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. मी माझ्या दुकानात ब्रश रॉकेलमध्ये खळबळवत होतो आणि खरं सांगायलाही उठलो नाही. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर सुटले असते.

बॅनर उतरल्यावर ते दुकानात आले. मी धीर करून सगळं ओकलो: मला ठाऊक होतं, तुम्ही उठून जाल म्हणून बोललो नाही.

"कान झ्याक जमलाय," ते म्हणाले. मग त्या मोडक्या कानावरून त्यांनी हात फिरवला. "सांगितलं असतंस, तर कानावर टोपी ओढून बसलो असतो. तुझं काम हुतं. मी उठून न्हाई गेलो असतो."