लक्ष्मी आणि कुबट गादी

पावसाळ्यात आमच्या लालबागच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी वास यायचा. ओल्या पोत्यासारखा, कुबट. तो सासऱ्यांच्या गादीचा. दमेकरी माणूस, जन्म गिरणीत गेलेला. आडवे झाले की छाती शिट्टी मारायची, मग भिंतीला टेकून बसायचे ते सकाळपर्यंत. तोंडातून चकार शब्द नाही.

त्या वासाचं मूळ सासूबाईंचा नियम. सकाळी देवापुढे दिवा लावायच्या आत अंथरुणं गुंडाळून ट्रंकेवर चढलीच पाहिजेत. "पसरलेलं अंथरूण बघून लक्ष्मी माघारी जाते," म्हणायच्या. अंगाची ऊब, घाम गादीत असतानाच वळकटी व्हायची आणि मोरीच्या ओल्या भिंतीला चिकटून बसायची. त्यात आमच्या ह्यांनी अक्कल पाजळली. लादीची ओल लागू नये म्हणून जाड प्लास्टिक आणलं. रात्री गादीखाली, दिवसा वळकटीवर, सुतळीने आवळून. घाम जाणार कुठे?

एके दिवशी मी खोळ काढली. गादीभर काळे ठिपके, आत कापसाचे ओले गोळे. माझं टाळकंच फिरलं.

"अहो, बापाचं लोणचं घालताय काय?" मी ओरडले. अख्खी गॅलरी दारात जमली. जमू दे! बुरशी पार कापसात उतरली होती, धुऊन काय होणार? फेकलीच ती गादी. नवी आणली, खाली लाकडी फळ्या टाकल्या, भिंतीपासून हातभर लांब. आणि बजावलं, "सकाळी गादी दोन खुर्च्यांवर पंख्याखाली उघडी राहणार. पुरती सुकेल तेव्हाच वळकटी."

दुसऱ्या सकाळी पाणी भरून आले, तर वळकटी ट्रंकेवर. वर तेच प्लास्टिक, तीच सुतळी!

"आई, तुमच्या लक्ष्मीला नाक नाही का हो? ह्या वासात येईल तरी का ती?"

"माझ्या घरात मला शिकवू नकोस!" सासूबाई रडायला लागल्या. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात सासरे उठले. धापा टाकत ट्रंकेपाशी गेले, सुतळी सोडली, गादी खुर्च्यांवर टाकली.

"लक्ष्मी येवंदे नायतर जावंदे," ते सासूबाईंना म्हणाले. "माका निजाचा आसा."

इतक्या वर्षांत बायकोपुढे त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. सासूबाईंनी डोळे पुसले आणि चहा ठेवला.

वास गेला, तरी पुढे कितीतरी दिवस ते सवयीने बसूनच झोपायचे. मग एका सकाळी दिवा लावायची वेळ झाली आणि सासरे अजून गादीवर, चक्क आडवे, घोरत. मी सासूबाईंकडे बघत राहिले, भांडायच्या तयारीतच. त्यांनी काडी ओढली, नवऱ्याच्या उशाजवळून वाकून दिवा लावला, आणि मलाच दटावलं, "भांडी वाजवू नको गो. निजलेत ते."