बेबीमूनचं तिसरं तिकीट

सहलीचं नियोजन माझ्याइतकं सोलापुरात कुणाला जमत नाही, असं मी उघड म्हणते. सात रस्त्याजवळ माझं छोटं ऑफिस आहे. वीस वर्षांत मी नवसाच्या यात्रा पाठवल्या, नव्या जोडप्यांना उटीला पाठवलं, रिटायर झालेल्या मास्तरांना काशीला नेऊन सुखरूप परत आणलं. त्यामुळे 'बेबीमून' हा शब्द गावात नवीन आला तेव्हा मी काही दचकले नाही. मूल होण्याआधी नवराबायकोनं दोघांनीच चार दिवस जाऊन यायचं, एवढंच ना? पण या एका बेबीमूनमध्ये मी जी चूक केली, ती मात्र वीस वर्षांत केली नव्हती.

जोडपं गावातलंच: नवरा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणारा, बायको पतसंस्थेत नोकरीला. तिला बाविसावा आठवडा लागला होता. नवरा मोबाईलमध्ये यादी घेऊनच आला होता. महाबळेश्वरचे सगळे पॉइंट, घोड्यावरची रपेट, स्पीड बोट, गरम पाण्याचा टब, आणि लांब झग्यातलं पोटाचं फोटोशूट. मी चष्मा लावला आणि एकेक खोडत गेले. घाटाची वळणं नकोत, आधीच तिला उलट्या होऊन गेलेल्या. घोडा नको, पाण्यावर दणके देणारी बोट नको, गरम पाण्यात बसणं तर अजिबात नको. रस्त्यावरची कापलेली फळं आणि पाणीपुरी नको. फोटो काढा, पण खोलीच्या दारात, खुर्चीवर बसून.

"मग उरलं काय, मॅडम?" तो म्हणाला.

"बायको उरली," मी म्हटलं आणि त्याला आधारकार्डांची झेरॉक्स काढायला खाली पिटाळलं.

तो गेल्यावर मी तिला विचारलं, तुला काय पाहिजे ते सांग. तिनं आधी दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "मला कुणी उठवू नये, एवढंच." तिच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेही पहाटे. बाकीच्या दिवशी पहाटे जेवणाचे डबे करायचे असतात. शिवाय सासूबाईंना पाचला जाग येते, त्या उठल्या की घर उठतं. आता तिला जड कुणी उचलू देत नव्हतं, पण सगळे उठल्यावर आपण झोपून राहायचं कसं? सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की ती कुर्डुवाडीला माहेरी जाणार, परत येईल ती बाळ घेऊनच. म्हणजे दोघांचे असे हे शेवटचेच चार दिवस. मला तिचं म्हणणं एकदम पटलं.

मग मी कामाला लागले. पुण्यापर्यंत रेल्वे, कारण गाडीत पाय मोकळे करता येतात आणि संडास हाताशी असतो. पहाटेची वेगवान गाडी मी मुद्दाम टाळली, दुपारची घेतली. पुढे तासाभरावर धरणाच्या काठी एक शांत रिसॉर्ट होतं. मी फोन करून खोदून खोदून विचारलं: खोली तळमजल्यावर आहे का, जेवणाची जागा किती पावलांवर, त्या आठवड्यात लग्न किंवा डीजे आहे का, रात्रीसुद्धा बाळंतपणाची सोय असलेलं हॉस्पिटल किती लांब. सोमवारी जायचं, शुक्रवारी यायचं, म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी नाही. डॉक्टरांची परवानगी कागदावर घ्या, तपासण्यांची फाईल हातातल्या पिशवीत ठेवा, टॅक्सीत पट्ट्याची खालची बाजू पोटाच्या खालून मांड्यांवर घ्या. रोज संध्याकाळी काठानं थोडं चालणं. बाकी दिवस कोरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या सासूबाई आल्या. मूळच्या मंद्रूपच्या, डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गाठोडं असावं तशी कापडी पिशवी.

"ताई, तिसरं तिकीट काडा," त्या म्हणाल्या. "मी बी जाणार हाय."

मी फटकळच. "अक्का, हे दोघांनी जायचं असतं. सासू बरोबर नेली तर त्याला यात्रा म्हणतात."

त्या चिडल्या नाहीत, हे वाईट झालं. खुर्चीवर बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझं पहिलं सहाव्या म्हैन्यात गेलं. वैरागला लगीन व्हतं, एस्टीनं गेल्ते. वाटंतच पोटात दुखाया लागलं. कुनाला सांगावं, बरुबर बाईमानूस न्हवतं. म्हनून म्हनते की."

मी त्यांना पाणी दिलं आणि सगळा कागद पहिल्यापासून वाचून दाखवला. एसटीनं पोर जातंच असं नसतं, त्यात त्यांचा दोष नव्हता, हेही सांगितलं. त्यांनी हॉस्पिटलचं अंतर दोनदा विचारलं. तरी मान हलेना. तेव्हा मी माझ्या हुशारीनं तोडगा काढला. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला सून स्वतः फोन करील. आवाज ऐकला की झालं. त्या कबूल झाल्या. तिसरं तिकीट निघालं नाही, आणि मी संध्याकाळभर स्वतःवर खूश होते.

मंगळवारी नऊला फोन आला, बुधवारीही आला. गुरुवारी साडेनऊला अक्का माझ्या ऑफिसात हजर. फोन आलेला नव्हता, आणि आपण लावायचा त्यांना धीर होत नव्हता.

"दोन दिस करती," त्या म्हणाल्या, "पन आवाज झोपंतलाच असतुया. काल तर जांभयाच देत व्हती."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या मुलीनं फक्त उठवू नका एवढंच मागितलं होतं, तिला मी रोज नऊच्या फोनचा गजर लावून पाठवलं होतं. घोडा खोडला, बोट खोडली, आणि हा फोन मात्र स्वतःच्या हातानं लिहून दिला. मला माझा इतका राग आला की मी सगळं अक्कांना सांगूनच टाकलं, तिचं झोपेचं बोलणं सुद्धा.

अक्का खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "मला कदी बोलली न्हाय."

"तुम्हाला कशी बोलेल?"

मी रिसॉर्टला फोन लावायला हात पुढे केला, नुसतं विचारते म्हटलं, त्या दोघांना उठवत नाही. अक्कांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "नगं. आवाज न्हाय म्हंजी झोपली असंल. दुखत असतं तर पोरानं केला असता की." हे त्या मला सांगत होत्या की स्वतःला, देव जाणे. फोन मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. चहा निवला. मी अकरा वाजता पुन्हा रिसीव्हरकडे हात नेला, तर त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

साडेअकराला अक्कांचा फोन वाजला. पलीकडून सून घाबऱ्या घाबऱ्या माफी मागत होती, एवढं मलाही ऐकू आलं. अक्कांनी डोळे पुसले, पण आवाजात काही कळू दिलं नाही.

"उटलीस व्हय? बरं. खाल्लंस का काय? मग खा आन् परत झोप. आन् उद्या फोन करू नगंस."