बंद दाराआडचा अप्पा

कॅन्सरच्या वॉर्डात पहिल्या दिवशी गेलो तेव्हा मी शौचाला जाऊन येतो म्हणून बाहेर पडलो आणि जिन्यात बसून राहिलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्याबरोबरच्या पोरांना वाटलं, मला मेसचं वांगं बाधलं. मीही तसंच वाटू दिलं.

तेव्हा मी नांदेडला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. गाव औसा. लातूर वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती आणि आमच्याकडची माणसं त्याचं कौतुक करून करून थकली होती, कारण जिल्हा आला तरी पाऊस आला नव्हता. दवाखान्यातही नळ कोरडे. वॉर्डाच्या दाराशी टँकरच्या पाण्याची टाकी, तिच्यावर झाकण, आणि झाकणावर बसलेली कुणाची तरी आई, दुसऱ्यानं घागर बुडवू नये म्हणून.

वॉर्डात पू, फिनेल आणि उकडलेल्या भाताचा वास यायचा. पण मला वासाची भीती नव्हती. भीती होती ती डोळ्यांची. खाटेवरचा माणूस तुमच्याकडं बघतो आणि तुम्हाला कळतं, आता हा विचारणार. मग मी चटकन त्याचं मनगट धरायचो आणि घड्याळाकडं बघत राहायचो. नाडी मोजणाऱ्या डॉक्टरला कुणी प्रश्न विचारत नाही. त्या दिवसांत मी इतक्या नाड्या मोजल्या की त्यातली एकही मला आठवत नाही.

आमच्या रजिस्ट्रार मॅडमच्या हे लक्षात आलं असणार. वॉर्ड सांभाळणाऱ्या वरच्या डॉक्टर; उंच, कमी बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, "रोज एका पेशंटपाशी बसायचं. उभं राहून नाही. स्टूल घ्यायचं. काय झालंय हे तू सांगायचं नाही, ते माझं काम. त्यांना काय वाटतंय ते विचारायचं आणि मग गप्प बसायचं."

"गप्प बसून काय होणार, मॅडम?"

"बसून बघ. बोलणं सोपं असतं."

माझ्या वाट्याला आले देवणीकडचे एक अप्पा. पासष्टीचे, धोतर, पांढरी टोपी, गळ्यात दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी. आडत बाजारात ते मालाचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचे. साऱ्या बाजारात त्यांचा आवाज ओळखीचा. चार-सहा महिन्यांपासून तो आवाज बसला होता. मध झाला, ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी कुणीतरी शहाण्यानं आरसा घालून घसा बघितला, तुकडा काढून तपासला.

मॅडमनी मला व्हरांड्यात सांगितलं, "कॅन्सर आवाजाच्या एका दोरीवर, स्वरतंतूवर आहे. दोरी अजून हलते, मानेत गाठ नाही. किरणं दिली तर आजार जाण्याची आशा चांगली, आवाजही राहील. आधी आणखी बसेल, घसा सोलल्यासारखा होईल, मग हळूहळू सुधारेल. पण मध्ये खंड पडता कामा नये. आत्ता उठून गावी गेले आणि वाढवून आले, तर स्वरयंत्रच काढावं लागेल. मग हर्रास कसला, हाकही मारता यायची नाही."

त्यांचा मुलगा जिन्यापाशीच मला गाठायचा. "डॉक्टरसाहेब, अप्पाला त्या रोगाचं नाव सांगू नका. साधी गाठ हाय म्हणा. नाव ऐकलं तर जीव सोडतील." आणि लगेच डोळे पुसून, तोंडावर हसू आणून आत जायचा.

अप्पा मला बघून खरखरत म्हणाले, "या डॉक्टर. जिल्हा झाला लातूर, अन् दुखणं घेऊन यावं लागतं नांदेडला! गाव कोणतं तुमचं?"

"औसा."

"हाव का? मग आपलेच की. औशात कुणाचे?"

हा प्रश्न आमच्याकडं सरळ नसतो. कुणाचे, म्हणजे कुठल्या घरचे, कुठल्या जातीचे. मी म्हणालो, "मास्तरांचा मुलगा," आणि त्यांचं मनगट धरलं.

खरं असं की मी त्यांच्यातलाच होतो. लिंगायत. लहानपणी माझ्याही गळ्यात तसंच, चांदीच्या डबीतलं इष्टलिंग बांधलं होतं. ते अंगावेगळं करायचं नसतं; झालंच तर जुनी माणसं परत धारण केल्याशिवाय पाणीही घेत नाहीत. हॉस्टेलवर आंघोळीच्या वेळी पोरं म्हणायची, "काय रे, गळ्यात तंबाखूची डबी?" महिनाभर हसलो, मग एके दिवशी काढून ट्रंकेत ठेवलं. सुट्टीला जाताना एसटीत घालायचो.

बुधवारी अप्पांची खूण करायची होती. किरणं नेमकी घशावर दोन्ही बाजूंनी पडावीत म्हणून मानेवर जांभळ्या शाईनं चौकोन आखतात. तो पुसायचा नाही, तिथं साबण नाही, तेल नाही, दाढी नाही. अप्पा टेबलावर उताणे झोपले. वर किरणं देणाऱ्या कोबाल्टच्या मशीनचं जड डोकं. मशीनवाल्या दादांनी सांगितलं, "गळ्यातलं काढा बाबा, दोरी खुणेच्या मधी येते."

अप्पांचा हात डबीवर गेला आणि तिथंच राहिला.

"काढा की, बाबा. मागं लाईन हाय."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याला मी फार घाबरलो. त्यांना काय वाटत असेल ते मला नेमकं कळत होतं, त्या खोलीत ते फक्त मलाच कळत होतं, आणि तेच मला नको होतं. मी म्हणालो, "काढा हो अप्पा, काही होत नाही त्यानं." एवढ्यावर थांबलो नाही. मीच पुढं होऊन दोरा त्यांच्या डोक्यावरून काढला. आणि हातात डबी आल्याबरोबर, मनात काही नसताना, तो हात माझ्या डोळ्यांना लागला. उजव्या, मग डाव्या. लहानपणापासूनची सवय. मग मी ती डबी शेजारच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवली. त्यात वापरलेले कापसाचे बोळे होते.

अप्पा उठून बसले.

"तुम्ही आमच्यातलेच हाव," ते म्हणाले. "डोळ्याला लावलंत. अन् घाणीत ठेवलंत."

त्यांनी डबी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली, गळ्यात घातली आणि कुणाचाही हात न धरता खोलीतून निघून गेले. दादा माझ्याकडं बघत राहिले. त्यांचा काही दोष नव्हता, त्यांना कुठं ठाऊक होतं. मला होतं.

दुपारी मुलगा धावत आला. अप्पा गाठोडं बांधून बसलेत, उद्या सकाळच्या उदगीर गाडीनं जातो म्हणतात. मी मॅडमना गाठून सगळं सांगितलं. ट्रे, बोळे, ट्रंकसुद्धा. वाटलं होतं, रागावतील. त्या म्हणाल्या, "जा, बस त्यांच्यापाशी."

"मला नाही जमणार मॅडम. तुम्ही चला."

"मी येईनच. पण आधी तू. त्यांना राहा म्हणू नकोस. विचार फक्त."

मी स्टूल ओढलं.  अप्पा भिंतीकडं तोंड करून. मी सवयीनं मनगटाकडं हात नेला, तर त्यांनी हात काढून घेतला. "नाडी सोडा. जित्ती हाय."

आता माझ्या हाताला काही काम उरलं नाही. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती. बाहेर टँकर आला असावा, घागरींचा आणि भांडणाचा आवाज. मी म्हणालो, "अप्पा, चुकलं माझं. माझं इष्टलिंग ट्रंकेत आहे. पोरं हसतात म्हणून."

  उठून पळावं असं इतकं वाटत होतं की मी स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली.

मग मी विचारलं, "कशाची भीती वाटते?"

"भ्या? मला?" ते खरखरत हसले. "बैलांच्या बाजारात उभा ऱ्हायलेला माणूस मी." आणि गप्प झाले. या वेळी मी ती शांतता भरली नाही.  मग भिंतीकडंच बघत म्हणाले, "वॉर्डातले सांगतात, माणसाला झोपवून तुम्ही समदे बाहेर पळता. जाड दार लावून घेता. असं काय हाय त्यात, की डॉक्टरबी थांबत न्हाई? आत मी एकटा, गळा मोकळा. तितंच जीव गेला तर? लिंगाबिगर?"

मला 'असं काही होत नाही' म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. मी फक्त म्हणालो, "हं."

"अन् पोरगा बाहेर रडतो, आत येऊन हसतो. मी आंधळा हाय का? ह्यो कॅन्सरच हाय ना?"

 "अप्पा, हे मॅडम सांगतील, नीट, सगळं. तुम्हाला ऐकायचंय का?"

"ऐकायचं हाय."

"मी बोलावतो. आणि मी इथंच बसतो."

मॅडम आल्या, मुलाला हाताला धरून आत घेतलं. त्यांनीही स्टूल घेतलं. आधी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. अप्पांनी नाव घेतलं. "हो, तोच आहे," मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला. अप्पांनीच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "उठ रे. मला ठाऊकच हुतं." मग मॅडमनी थोडं थोडं सांगितलं: कुठं आहे, किती आहे, काय आशा आहे, काय त्रास होईल, घरी गेले तर काय होईल. किरणं दिसत नाहीत, लागत नाहीत. पण आम्ही रोज दिवसभर तिथं असतो म्हणून दाराबाहेर थांबतो, तुम्हाला मोजूनच देतो. प्रत्येक तुकड्यानंतर थांबायच्या, काय कळलं ते विचारायच्या.

"अन् ह्ये?" अप्पांनी डबीवर हात ठेवला.

"मानेवर नको, एवढंच. हातात चालेल. मूठ करून अंगाशेजारी ठेवा, हलू नका."

"एवढंच? मग सकाळी का न्हाई सांगितलं?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी बघितलं नाही, हे मला जास्त लागलं. "आम्ही विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.

अप्पा लगेच हो म्हणाले नाहीत. गाठोडं तसंच राहिलं. गुरुवारी सकाळची गाडी गेली, अप्पा खाटेवरच होते. दुपारी स्वतः जाऊन खूण करून आले. शुक्रवारी पहिला डोस; पुढचा सोमवारी, कारण शनिवार-रविवार मशीन बंद. खोलीपर्यंत मी बरोबर गेलो. डबी धरलेली त्यांची मूठ घामानं ओली झाली होती. टेबलावर झोपताना म्हणाले, "औशाचं पोरगं, दाराशी ऱ्हा. पळू नको जिन्यात." जिन्याचं त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे, वॉर्डात सगळं सगळ्यांना ठाऊक असतं.

दार बंद झालं. जाड काचेतून ते दिसत होते, छाती भराभर वरखाली होत होती. मशीन सुरू झालं. दोन-तीन मिनिटांचं काम, पण मी काचेवरून नजर हलवली नाही. आत काही वाईट होणार नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरीही.

पुढं त्यांनी सगळे डोस पुरे केले, एकही न चुकवता. नंतर माझी पाळी दुसऱ्या वॉर्डात लागली. त्यांचा आवाज किती परत आला, ते मी जाऊन कधी ऐकलं नाही. देवणी काही दूर नव्हती. ते तसंच राहिलं.

त्या शुक्रवारी दार उघडलं तेव्हा अप्पा टेबलावर उठून बसले होते, कपाळ घामानं डबडबलेलं.

"झालं?"

"झालं."

"लई भ्या वाटलं," ते म्हणाले. "सोमवारीबी वाटंल?"

"वाटेल बहुतेक."

"अन् तुम्हाला?"

"मलाही, अप्पा."

त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, पाय खाली सोडले. "मग या सोमवारी," म्हणाले.