तीस फुटाण्यांची वाटी

मुलीच्या हातातली कपबशी वाजायला लागली तेव्हा मी पेपर वाचत होतो. मला आधी वाटलं भूकंप. आमच्याकडे अधूनमधून जमीन हलते, म्हणून मी छताच्या पंख्याकडे बघितलं. पंखा गप्प होता. हलत होते ते तिचे हात.

"काय झालं गं?"

"काही न्हाई पप्पा. थंडी हाय."

थंडी होती हे खरं, पण सेलूची थंडी कपबशी वाजवण्याइतकी कधी नसते. तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "थंडी न्हाई, नजर हाय. रोज सगळ्या गावासमोर पळायली."

मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. मागच्या वर्षी धावण्यात बरी होती, पण गोळाफेकीत थोडक्यात मार्क गेले. यंदा तिनं जिम लावली, लेखीच्या अभ्यासाला मैत्रिणींसोबत खोली धरली आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडवली. पहाटे मी उठून तिला चहा करून द्यायचो. मग तिला मोटरसायकलवर मैदानावर सोडायचो, तिथल्या ओट्यावर बसून डुलक्या काढायचो आणि नऊ वाजता दुकान उघडायचो. खत-औषधाचं दुकान आहे माझं. हरभऱ्यावर घाटेअळी पडायचे दिवस होते, गिऱ्हाईक दम घेऊ देत नव्हतं. संध्याकाळी मी घरी यायचो ते पोतं आल्यासारखा. पोत्याला निदान कुणी भिंतीला टेकवून ठेवतं.

ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी परीक्षा, महिन्यावर आलं होतं आणि तिचा गोळा मैदानात कुठंही पडायला लागला होता. एकदा तर तो हातातून सुटून तिच्याच बुटाशेजारी पडला. रात्री झोप नाही, सकाळी छातीत धडधड. मी म्हणालो, रक्त कमी असणार. आणि रक्त वाढावं म्हणून पहाटेच्या चहात पत्ती वाढवली. माझं वैद्यकीय ज्ञान हे असं.

शेवटी परभणीला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, "चहा-कॉफी किती होते दिवसभरात?"

"चहा दोनदा," मी तिच्या आधीच बोललो.

"तीनदा," मुलगी म्हणाली. "मैदानावरून आल्यावर अर्धा असतो की."

"तो अर्धा कुठं धरायचा?" मी म्हणालो. आमच्याकडे अर्धा चहा मोजत नाहीत. पाहुण्यानं नको म्हटलं की अर्धा देतात आणि तो कपाच्या काठापर्यंत असतो.

डॉक्टर हसले नाहीत. "अर्धा पण धरा. अजून काय घेतेस?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं, मग बॅगेतून एक काळा डबा काढला. जिममध्ये व्यायामाआधी घ्यायची पावडर. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून डब्यामागची बारीक अक्षरं वाचली. "एका स्कूपला दोनशे मिलिग्रॅम कॅफीन. किती स्कूप घेतेस?"

"दोन. जिमवाला दादा म्हणला, एकानं काय होतंय."

पुढं निघालं, अभ्यासाला रात्रीच्या जेवणानंतर दोन कप कॉफी. झोप न झाल्यानं डोकं दुखतं म्हणून रोज एक गोळी. डॉक्टरांनी गोळीचं पाकीट मागितलं, उलटं केलं आणि बोट ठेवलं. त्या गोळीतही कॅफीन होतं, पन्नास.

मग त्यांनी तोंडीच बेरीज केली. पावडरीचे चारशे. तीन चहांचे अंदाजे एकशेवीस. दोन कॉफींचे एकशेचाळीस. गोळीचे पन्नास. "सातशे दहा. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला चारशेपर्यंत चालतं. तो वरचा काठ आहे, गाठायचा आकडा नाही. आणि एका वेळी दोनशेच्या वर नको. ही अंगानं बारीक, त्यात झोप नाही. हिला तीनशेच्या आत ठेवा. दुपारनंतर काहीच नको. पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं."

मी खुर्चीत जरा खाली सरकलो. त्याचं कारण होतं. दुकानात दिवसभर मी शेतकऱ्यांना एकच गोष्ट सांगत असतो. बाटल्यांवरची नावं वेगळी असली तरी आत घटक एकच असतो, मागचं लेबल वाचा, दोन्ही फवारणीच्या एका पंपात ओतू नका, पीक जळंल. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगू शकतो, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे सांगतोही. आणि माझ्याच घरात चार नावांनी एकच घटक एका पोरीत ओतला जात होता. त्यातला एक पंप तर रोज पहाटे मी स्वतः भरत होतो.

"एकदम बंद करू नका," निघताना डॉक्टर म्हणाले. "डोकं फुटल्यासारखं दुखंल. आठवडाभरात हळूहळू खाली आणा."

खाली आणायची व्यवस्था बायकोनं लावली. तिला मिलिग्रॅम वगैरे मान्य नव्हतं. डोळ्यांना दिसत नाही ते तिला मोजता येत नाही. तिनं सकाळी देवासमोर फुटाण्यांची एक वाटी ठेवली. एक फुटाणा म्हणजे दहा. आठवडाभर वाटी रोज थोडी रिकामी करत आणली आणि तिसावर थांबवली. अर्धा स्कूप घेतला की दहा फुटाणे वाटीतून काढायचे, चहाचे चार, कॉफीचे सात. वाटी संपली की दिवस संपला. गोळी बदलून साधी आणली, तिच्यात कॅफीन नव्हतं. अर्धा स्कूप, सकाळचे दोन चहा, दुपारच्या जेवणाआधी एक कॉफी, असं पंचविसात बसत होतं. पाच फुटाणे पाहुण्यांसाठी शिल्लक.

जिमवाल्याला हे पटलं नाही. "काका, अर्ध्या स्कूपात पंप येत न्हाई, दंड फुगत न्हाईत," तो मला म्हणाला. मी म्हटलं, "मला पंपाचं सांगू नको बाबा, मी पंपच विकतो."

पहिले काही दिवस वाईट गेले. मुलगी चिडचिडी झाली, जांभया देत पळायची. मग एक दिवस ती स्वतःहून म्हणाली, "पप्पा, काल मला झोप लागली की." गोळा आखलेल्या रेषांच्या आत पडायला लागला. मी दुकानात दोन गिऱ्हाइकांना उगाच चहा पाजला.

आणि मग एका गुरुवारी दुपारी घरी जेवायला आलो, तर मायलेकींचं भांडण पेटलेलं. देवासमोरच्या वाटीत दोनच फुटाणे.

"खरं सांग," बायको म्हणत होती, "दोन स्कूप घेतलेस का न्हाई?"

"अर्धाच घेतलाय आई. आन एक चहा. चौदा काढलेत मी."

"मग सोळा पाहिजेत वाटीत. दोन कसे?"

"मला काय माहीत! मी वाटी बघून दुसरा चहा सोडला, कॉफी सोडली. डोकं ठणकायलंय माझं. आन तू मलाच..."

"दोन-दोन स्कूप घेत होतीस तेव्हा तरी सांगितलं होतंस का?"

मुलगी रडायला लागली. मी चपला काढत होतो. मध्यस्थी करायची म्हणून मी अत्यंत समजूतदार चेहरा केला आणि म्हणालो, "अगं, पोरीवर विश्वास..." एवढ्यात दोघी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी चावत होतो.

सकाळी दुकानात जाताना मी देवाला हात जोडतो. जोडता जोडता समोर फुटाणे दिसले. चार तोंडात टाकले, दहा खिशात घातले. रस्त्यात खाल्ले, दुकानात खाल्ले, शेवटचे तीन आता जिन्यावर. त्यामागं काही विचार नव्हता. फुटाणे होते, मी होतो.

"एकशेचाळीस मिलिग्रॅम खाल्ले तुमी पोरीचे," बायको म्हणाली. इतके दिवस न मानलेलं माप तिनं पहिल्यांदा तोंडातून काढलं, तेही माझ्यासाठी.

मुलगी रडता रडता हसली, पण ते हसणं थकलेलं होतं. तिचं डोकं खरंच दुखत होतं. साधी गोळी आणि एक कप चहा देऊन तिला आडवं केलं. दुसऱ्या दिवसापासून वाटीत कच्ची तूर आली. कच्ची तूर मीसुद्धा खात नाही.

ग्राउंडच्या दिवशी परभणीला पहाटे पोचलो. आईबापांना आत सोडत नाहीत, मोबाईल बाहेर ठेवून घेतात. ती अर्धा स्कूप आणि एक चहा घेऊन आत गेली, आणि मी बाहेर इतर बापांबरोबर उभा राहिलो. सगळ्यांची तोंडं माझ्यासारखीच, न इस्त्री केलेली. दहा वाजले, अकरा वाजले. आतून निरोप, यादी लांबलीय. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. सकाळी घेतलेलं आता उतरलं असणार, आणि आत कुणाच्या ना कुणाच्या पिशवीत डबा असणार. वाटी घरी, बायको घरी, मी भिंतीच्या अलीकडं.

दुपार टळल्यावर ती बाहेर आली. बूट मातीनं भरलेले, तोंड उतरलेलं. माझं विचारायचं धाडस होईना.

"पळताना पाय जड होते पप्पा," ती म्हणाली. "शेजारच्या पोरीनं स्कूप काढला, घे म्हणली. भरगच्च. मी मोजलं. सकाळचे एकशेचाळीस, तिचे दोनशे. तीनशेचाळीस झाले असते, आन दोनशे एकदम. त्यात सकाळचं निम्मं तर अंगातच. न्हाई म्हणलं."

"मग?"

"आठशे मीटरला दोन मार्क गेले असतील. जांभई आली मला सुरू व्हायच्या आधी, साहेब बघायले होते." तिनं उजवा हात माझ्यासमोर धरला, बोटं पसरून. एकही हलत नव्हतं. "तिन्ही गोळे सरळ गेले. तिसरा मागच्या वर्षीपेक्षा लांब. तिथंच सांगितले मार्क. लेखीला बसता येतंय बहुतेक."

ज्या पोरीनं स्कूप घेतला होता तिचं काय झालं ते मी विचारलं. "ती बरी पळाली," मुलगी म्हणाली. "गोळ्याला हात थरथरायले होते तिचे. मला लय वाईट वाटलं."

परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा दिली. मानवत यायच्या आधीच तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. माझा हात बधिर व्हायला लागला, पण म्हटलं राहू दे, किती दिवसांनी पोर दिवसाढवळ्या झोपलीय. खिडकीतून हरभऱ्याची शेतं जात होती, कुणीतरी पाठीवर पंप घेऊन फवारत होतं. त्यानं लेबल वाचलं असेल का, एवढा विचार केल्याचं मला आठवतं.

त्यानंतर आठवतो तो कंडक्टर. तो माझा दुसरा खांदा हलवत होता.

"काका, कुठं उतरायचंय?"

"सेलू."

"सेलू कवाच गेलं की. देवगाव फाटा आलाय."

मुलगी अजून झोपलीच होती. फोनवर बायकोचे पाच-सहा कॉल येऊन गेलेले. मी पोरीला उठवलं, आम्ही फाट्यावर उतरलो आणि उलट्या दिशेच्या गाडीची वाट बघत उभे राहिलो. दोघंही डोळे चोळत होतो. बायकोला फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "दोघं पण झोपलात? बरं झालं. जेवण झाकून ठेवते."